रंग बदलल्यावर आलेख आणि बोधचिन्ह रंगांध वाचकाला वाचता येते का, हे कसे तपासावे

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या बहुतेक गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक अहवालात पाण्याच्या हिशेबाचा एक आलेख हमखास असतो. महापालिकेचे पाणी किती आले, बोअरवेलमधून किती उपसले आणि टँकर किती मागवावे लागले, हे महिन्यामागून महिना उभ्या स्तंभांत एकावर एक रचून दाखवलेले असते. एक्सेलच्या जुन्या मूळ रंगसंगतीत हा आलेख आपोआप निळा, नारिंगी आणि करडा होतो. मग समितीतले कोणीतरी म्हणते, ‘अहो, आपल्या लोगोचे रंग वापरा ना, हिरवा आणि शेंदरी.’ रंग बदलले जातात, पान देखणे दिसते, आणि ज्या सभासदाला लाल-हिरवा भेद नीट दिसत नाही त्याच्यासाठी तो आलेख त्याच क्षणी निकामी होतो. रंग बदलणाऱ्याला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना हिरवा आणि शेंदरी यांच्याइतके वेगळे रंग दुसरे वाटत नाहीत.

हा लेख अशा बदलानंतर करायच्या तपासणीविषयी आहे. डीटीपी, अहवालांची मांडणी किंवा छोट्या संस्थांची बोधचिन्हे करणाऱ्या नवख्या मंडळींनी वरचाच आलेख समोर ठेवून पुढच्या पायऱ्या करून पाहाव्यात. लागणारी साधने फुकट आहेत: गिंप, क्रोम ब्राउझर आणि हवे असल्यास पायथन.

तपासायचे नेमके काय

रंगदृष्टीतील जन्मजात कमतरतेचे बहुतांश प्रकार लाल-हिरव्या अक्षावरचे असतात. डोळ्यातील शंकूपेशींपैकी मध्यम लहरींना प्रतिसाद देणाऱ्या पेशींत दोष असेल तर त्याला ड्यूटन प्रकार म्हणतात, आणि लांब लहरींना प्रतिसाद देणाऱ्या पेशींत दोष असेल तर प्रोटन. दोन्हींची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ही कमतरता पुरुषांत कितीतरी अधिक आढळते; युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे ०.५ टक्के आहे. तिसरा, निळ्या-पिवळ्या अक्षावरचा ट्रायटन प्रकार फार दुर्मीळ आहे.

आपल्या कामासाठी यातली एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. ड्यूटन आणि प्रोटन व्यक्तींना लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग पिवळट-तपकिरी पट्ट्यातले दिसतात, पण प्रोटन व्यक्तीला लाल रंग त्यावर अंधारलेलाही दिसतो. ड्यूटन व्यक्तीला तो तसा अंधारलेला दिसत नाही. या एका फरकामुळे एका प्रकारासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रकारासाठी उलटी पडू शकते, आणि तपासणीतला बहुतेक घोळ याच ठिकाणी होतो.

पायरी पहिली: जुने आणि नवे रंग लिहून काढा

शक्य असेल तर चित्रावर रंग फिरवू नका. मूळ एक्सेल फाइल मागून घ्या आणि रंग तिथेच बदला, म्हणजे स्तंभ आणि लेजंड दोन्ही एकाच वेळी बदलतात. फाइल मिळत नसेल आणि हातात फक्त पीएनजी असेल तरच गिंपमध्ये `Select by Color` वापरून रंग बदला.

त्यानंतर प्रत्येक रंगाचा सहा अक्षरी कोड टिपून घ्या. गिंपमध्ये `O` दाबल्यावर रंग उचलण्याचे साधन येते. रंग स्तंभाच्या मध्यभागातून उचलावा, कडेवरून नाही, कारण कडेवर शेजारच्या रंगाचे मिश्रण असते. चित्र जेपीजी असेल तर एकाच स्तंभात शेजारी-शेजारी थोडे वेगळे कोड मिळतात. अशा वेळी साधनाच्या पर्यायांमधील `Sample average` चालू करावे.

आपल्या आलेखात महापालिकेच्या पाण्याचा निळा `#4472C4` तसाच ठेवला आहे. बोअरवेलचा नारिंगी बदलून लोगोचा हिरवा `#388E3C` केला आहे आणि टँकरचा करडा बदलून लोगोचा शेंदरी `#D84315`. स्तंभात सर्वांत खाली निळा, मध्ये हिरवा आणि वर शेंदरी अशी रचना आहे, म्हणजे हिरवा आणि शेंदरी एकमेकांना थेट चिकटून आहेत. ज्या दोन रंगांची कड एकमेकांना लागते त्यांची जोडी आधी तपासायची, आणि लेजंडशी ताडून पाहाव्या लागणाऱ्या बाकीच्या जोड्या त्यानंतर.

पायरी दुसरी: उजळपणाचे गुणोत्तर काढा

रंगछटेचा आधार गेला की डोळ्याच्या हाती मुख्यतः उजळपणाचा फरक उरतो. तो मोजण्यासाठी वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांतले गुणोत्तर वापरता येते. दोन्ही रंगांचा सापेक्ष उजळपणा काढायचा, प्रत्येकात ०.०५ मिळवायचे आणि मोठ्याला लहानाने भागायचे. काळ्या-पांढऱ्या जोडीचे गुणोत्तर २१ येते आणि अगदी सारख्या रंगांचे १. WebAIM Contrast Checker या पानावर दोन कोड टाकले तरी हाच आकडा मिळतो. अनेक जोड्या तपासायच्या असतील तर पायथनचा हा छोटा तुकडा सोयीचा पडतो:

```python
def L(h):
    c = [int(h[i:i+2], 16) / 255 for i in (1, 3, 5)]
    c = [v/12.92 if v <= 0.04045
         else ((v + 0.055)/1.055)**2.4 for v in c]
    return 0.2126*c[0] + 0.7152*c[1] + 0.0722*c[2]

def ratio(a, b):
    x, y = sorted([L(a), L(b)], reverse=True)
    return (x + 0.05) / (y + 0.05)

print(round(ratio("#388E3C", "#D84315"), 2))
```

उत्तर येते १.०८. म्हणजे लोगोचा हिरवा आणि लोगोचा शेंदरी यांच्यात उजळपणाचा फरक जवळजवळ नाहीच; आपल्याला दिसणारा सगळा फरक रंगछटेचा आहे आणि ती रंगछटा नेमकी लाल-हिरव्या अक्षावरची आहे. याहून वाईट जोडी मुद्दाम शोधूनही सहज सापडायची नाही. आणि त्यात कोणाचा दोष म्हणावा असेही नाही, कारण बोधचिन्हासाठी रंग निवडणारा माणूस ‘दोन्ही सारखेच भारदस्त’ दिसावेत असे पाहतो, आणि सारखेच भारदस्त म्हणजे बहुतेकदा सारख्याच उजळपणाचे.

निळा आणि शेंदरी यांचे गुणोत्तरही १.०६ च्या आसपास येते, पण तिथे घाबरण्याचे कारण वेगळे आहे. निळा ड्यूटन आणि प्रोटन दोघांनाही निळाच दिसतो, त्यामुळे ही जोडी त्यांना रंगछटेवरून ओळखता येते. ती फसते झेरॉक्समध्ये. संस्थेचा अहवाल सूचनाफलकावर लागतो तो बहुधा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स प्रतीच्या रूपात, आणि तिथे निळा, हिरवा, शेंदरी हे तिन्ही एकाच करड्यात विरघळतात. म्हणून गुणोत्तर कमी आले की लगेच ‘रंगांधांना दिसणार नाही’ असा निष्कर्ष काढू नये, आणि गुणोत्तर बरे आले म्हणून तपासणी संपली असेही मानू नये. त्या आकड्यावरून पुढे कुठे पाहायचे एवढे कळते.

पायरी तिसरी: ड्यूटन आणि प्रोटन, दोन्ही अनुकरणांत पाहा

अनुकरण म्हणजे रंगांध डोळ्याला चित्र कसे दिसेल ते पडद्यावर दाखवणे. गिंपमध्ये `View > Display Filters` उघडा, डावीकडच्या यादीतून `Color Deficient Vision` उजवीकडे घ्या आणि प्रकार निवडा: `Deuteranopia`, मग `Protanopia`. हा फिल्टर फक्त पडद्यावरचा असतो, फाइलमधले रंग बदलत नाहीत. त्यामुळे तो चालू असताना रंग उचलण्याच्या साधनाने कोड घेतला तर मूळ रंगाचाच कोड मिळतो, आणि नवखे इथे गोंधळतात. अनुकरणातला रंग खरोखर मोजायचा असेल तर पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर मोजमाप करावे.

आलेख वेबपानावर असेल तर क्रोममध्ये पान उघडून डेव्हलपर टूल्स उघडा, `Ctrl+Shift+P` दाबून `Show Rendering` शोधा आणि त्या पट्टीत खाली `Emulate vision deficiencies` मधून प्रकार निवडा. पीएनजी फाइल क्रोमच्या खिडकीत ओढून टाकली तरी हेच करता येते. तपासणीपूर्वी संगणकाचा रात्रीचा पिवळट प्रकाश बंद करायला विसरू नका, कारण त्याने निळे रंग आधीच बदललेले असतात.

आपल्या आलेखात ड्यूटन अनुकरणात काय होते ते जवळून पाहू. हिरवा `#388E3C` शेवाळी-खाकी होतो, सुमारे `#867A42`. शेंदरी `#D84315` गडद मोहरीसारखा होतो, सुमारे `#958405`. वेगवेगळी साधने वेगवेगळे गणित वापरत असल्यामुळे कोड थोडे इकडेतिकडे होतील. वरचे आकडे मचाडो, ऑलिव्हेरा आणि फर्नांडिस यांनी २००९ साली मांडलेल्या प्रतिमानाचे आहेत. दोन मोठे चौकोन शेजारी ठेवले तर एक थोडा अधिक पिवळा आहे हे ओळखू येते. पण स्तंभ आठ-दहा मिलिमीटर रुंदीचा आणि लेजंडमधला चौकोन दोन-तीन मिलिमीटरचा असला, की एवढ्याशा फरकावरून ‘हा कोणता?’ हे कोणालाही सांगता येत नाही.

मे महिन्याचा स्तंभ घेऊ. समजा, महापालिकेचे १४ लाख लिटर, बोअरवेलचे ५ लाख आणि टँकरचे ७ लाख. ड्यूटन अनुकरणात वरच्या दोन खंडांमधली सीमारेषा पुसली जाते आणि १२ लाख लिटरचा एकच खाकी ठोकळा उरतो. तो ठोकळा लेजंडमधल्या दोन्ही चौकोनांशी सारखाच जुळतो. वार्षिक सभेत टँकरच्या बिलावरून वाद होणार असतो तो याच ठोकळ्यावरून, आणि १२ लाख लिटर टँकरचेच आहेत असे वाचणारा सभासद चुकीचा आकडा घेऊन उभा राहतो.

आता प्रोटन अनुकरण लावा. इथे चित्र बरेच सुधारलेले दिसते: शेंदरी अंधारून गडद तपकिरी होतो, हिरवा खाकीच राहतो, आणि सीमारेषा दिसू लागते. या अनुकरणातल्या रंगांचे गुणोत्तर काढले तर ते १.५७ येते, ड्यूटनमध्ये तेच १.१४ होते. केवळ प्रोटन पाहून थांबणारा माणूस ‘थोडे कमी आहे, पण चालेल’ म्हणून फाइल छपाईला पाठवील. दोन्ही पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियम म्हणूनच आहे.

ट्रायटन अनुकरणावर एक नजर टाकावी, पण त्यात फार वेळ घालवू नये.

पायरी चौथी: दुरुस्ती करा, आणि ती कोणत्या दिशेने करायची ते आधी ठरवा

उजळपणाचा फरक हवा आहे हे एकदा कळले की पहिला हात जातो हिरवा गडद करण्याकडे. ते स्वाभाविक आहे, कारण गडद हिरवा छापील पानावर शोभून दिसतो आणि लोगोशी नातेही राखतो. करून पाहू: `#388E3C` ऐवजी `#1B5E20` घेतला, शेंदरी तसाच ठेवला. मूळ रंगांचे गुणोत्तर १.०८ वरून १.७७ झाले. ड्यूटन अनुकरणात ते २.१७ पर्यंत गेले, सीमारेषा ठळक दिसू लागली. पण प्रोटन अनुकरणात तेच गुणोत्तर १.२३ वर घसरते, म्हणजे दुरुस्तीपूर्वी १.५७ होते त्याहून वाईट! प्रोटन डोळ्याला शेंदरी आधीच अंधारलेला दिसत होता. आपण हिरवाही अंधारात नेला आणि दोघांना पुन्हा एकत्र आणून ठेवले.

म्हणून लाल-हिरव्या जोडीत दिशा नेहमी एकच ठेवावी: लाल कुळातला रंग गडद, हिरव्या कुळातला रंग फिका. अशा मांडणीत प्रोटन डोळा लाल रंग आणखी गडद करतो आणि फरक कमी होण्याऐवजी वाढतो. आपल्या आलेखात शेंदरी थोडा खाली आणून `#BF360C` केला आणि हिरवा वर नेऊन `#81C784` केला, तर मूळ रंगांचे गुणोत्तर २.७८ येते, ड्यूटन अनुकरणात २.३ आणि प्रोटन अनुकरणात ३.९. दोन्ही रंग लोगोच्या कुळातलेच राहतात, त्यामुळे समितीलाही तक्रारीला जागा उरत नाही. शेजारच्या दोन खंडांसाठी तिन्ही आकडे २ च्या वर राहावेत, असा नियम मी कामात पाळतो. तो कोणत्याही मानकातला नाही, पण स्तंभ आठ-दहा मिलिमीटरचा असेल तर तो पुरतो.

आता फिक्या हिरव्याची दुसरी बाजू. डब्ल्यूसीएजीच्या २.१ आवृत्तीतला १.४.११ हा निकष सांगतो की आशय समजण्यासाठी आवश्यक असलेल्या चित्रभागांचे शेजारच्या रंगाशी गुणोत्तर किमान ३ असावे. `#81C784` चे पांढऱ्या कागदाशी गुणोत्तर फक्त २ च्या जवळ आहे, त्यामुळे स्तंभाची बाहेरची कड पुसट होते. हिरवा अधिक गडद करून हे सोडवायला गेलो तर शेंदरीशी असलेले अंतर पुन्हा घटते. या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग रंग बदलण्यात नसून कडेला रेघ देण्यात आहे. सर्व खंडांना पाऊण पॉइंटची गडद निळी `#1F3864` रेघ द्यावी. एक्सेलमध्ये ती `Format Data Series` च्या `Border` मध्ये `Solid line` निवडून देता येते. या रेघेचे फिक्या हिरव्याशी गुणोत्तर ५ च्या वर आहे, त्यामुळे कड कागदावरही उमटते आणि हिरवा-शेंदरी सीमा रंगावर अवलंबून राहत नाही.

महापालिकेचा निळाही याच `#1F3864` वर आणला तर आणखी एक काम होते. गडद निळा, मधला शेंदरी आणि फिका हिरवा अशी उजळपणाची तीन पावले तयार होतात. निळा-शेंदरी गुणोत्तर २ च्या किंचित वर येते, आणि झेरॉक्स प्रतीवर तीन वेगळे करडे दिसतात. ज्या महिन्यात बोअरवेल बंद असते आणि टँकरचा खंड थेट महापालिकेच्या खंडावर बसतो, त्या महिन्यातही मग गडबड होत नाही. प्रोटन अनुकरणात या जोडीचे गुणोत्तर १.४५ इतकेच असते हे खरे, पण तिथे एक निळा आणि दुसरा तपकिरी दिसत असल्याने भेद टिकतो. झेरॉक्स काढलेली प्रत मात्र मूळ रंगांच्या उजळपणावर चालते, प्रोटन डोळ्याच्या नाही.

याच निकषांतला १.४.१ हा निकष सांगतो की माहिती केवळ रंगावरून देऊ नये. आपल्या आलेखात त्याचा सोपा अर्थ असा की लेजंड काढून टाकावे आणि शेवटच्या महिन्याच्या स्तंभाशेजारी ‘महापालिका’, ‘बोअरवेल’, ‘टँकर’ हे शब्द आपापल्या खंडाच्या उंचीवर लिहावेत. जागा नसेल तर टँकरच्या खंडाला `Pattern fill` मधली तिरकी रेघाटणी द्यावी. रेघाटणी एकाच खंडाला द्यावी. तिन्हींना दिली तर पान थरथरल्यासारखे दिसते आणि झेरॉक्सवर चिखल होतो.

पायरी पाचवी: बदलातून मागे राहिलेले रंग शोधा

चित्रावर रंग बदलला असेल तर ही पायरी टाळता येत नाही. `Select by Color` ने करडा निवडून शेंदरी भरला, तरी कडेचे अर्धवट मिसळलेले पिक्सेल निवडीच्या बाहेर राहतात, आणि स्तंभाभोवती जुन्या रंगाची एक बारीक किनार उरते. सामान्य दृष्टीला ती नव्या रंगात लपून जाते. चित्र ४०० टक्के मोठे करून पाहिले की ती दिसते.

यात रंगांधत्वाच्या तपासणीला बाधा येते ती अशी: जुना रंग निळा असेल तर त्याची किनार ड्यूटन अनुकरणातही निळीच राहते आणि दोन खाकी खंडांमध्ये छान सीमारेषा असल्यासारखी भासते. आपण समाधान मानतो. मग तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते, आकुंचित होते, किनार नाहीशी होते आणि सीमाही. म्हणून अनुकरण पाहताना दोन खंडांमधली रेघ आपण दिलेली आहे की चुकून उरलेली, हे मोठे करून खात्री करून घ्यावी. उरलेली असेल तर `Threshold` वाढवून निवड पुन्हा करावी आणि नंतर हवी ती रेघ स्वतः द्यावी.

लेजंडचे चौकोन, शीर्षकातील रंगीत शब्द आणि ‘शेंदरी भाग टँकरचा आहे’ अशा तळटिपा बदलानंतर जुन्याच राहून गेल्या नाहीत ना, हेही याच वेळी पाहावे. आणि अशी तळटीप असलीच तर ती ‘सर्वांत वरचा खंड टँकरचा आहे’ अशी लिहावी.

बोधचिन्हाच्या बाबतीत

बोधचिन्हात रंग हलवायला फारसा वाव नसतो. आपल्या संस्थेच्या चिन्हात शेंदरी वर्तुळावर हिरवे पान आहे असे धरू. पूर्वी ते पान पांढरे होते आणि नव्या आवृत्तीत हिरवे केले आहे. पांढऱ्याचे शेंदरीशी गुणोत्तर ४.४ होते, हिरव्याचे १.०८ आहे. ड्यूटन अनुकरणात पान नाहीसे होते आणि नुसते मोहरी रंगाचे वर्तुळ उरते. आलेखात किमान शब्द लिहून वाचकाला सावरता येते, चिन्हात तीही सोय नाही.

इथे रंग न बदलता पानाभोवती पांढरी फट ठेवावी. पांढऱ्याचे हिरव्याशी गुणोत्तर ४.१ आणि शेंदरीशी ४.४, म्हणजे दोन्ही बाजूंनी ३ च्या वर, त्यामुळे पानाचा आकार फटीवरूनच उमटतो. फटीची जाडी चिन्हाच्या रुंदीच्या सुमारे ३ टक्के ठेवली तर लेटरहेडवरच्या १५ मिलिमीटरच्या चिन्हात ती अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ येते आणि छपाईत भरून जात नाही. ९६ पिक्सेलच्या छोट्या चित्रात ती तीन पिक्सेल होते. त्याहून लहान आकारासाठी पांढऱ्या पानाची जुनी आवृत्तीच वापरावी. तपासणी नेहमी प्रत्यक्ष वापराच्या सर्वांत लहान आकारात करावी. पडद्यावर हातभर मोठे केलेले चिन्ह सगळ्या अनुकरणांत उत्तीर्ण होते.

पायरी शेवटची: माणसाला विचारा, पण योग्य प्रश्न

अनुकरणाची साधने बहुधा पूर्ण अभावाची स्थिती दाखवतात, म्हणजे एका प्रकारच्या शंकूपेशी काम करतच नाहीत अशी. प्रत्यक्षात अनेकांच्या पेशी अंशतः काम करतात आणि त्यांना अनुकरणात दिसते त्याहून अधिक भेद दिसतो. त्यामुळे अनुकरणात उत्तीर्ण झालेली जोडी बहुतेकांना चालते. अनुकरणात काठावर असलेली जोडी मात्र कोणाला चालेल आणि कोणाला नाही, हे यंत्र सांगू शकत नाही.

संस्थेत, कार्यालयात किंवा नात्यात रंगभेद कमी दिसणारी व्यक्ती बहुधा सापडते. रेल्वेच्या किंवा इतर नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत इशिहाराच्या ठिपक्यांच्या तक्त्यांवर अडल्यामुळे अनेकांना ते स्वतःबद्दल ठाऊक असते. त्यांना ‘काका, हे रंग वेगळे दिसतात का?’ असे विचारू नये. दोन रंग शेजारी दाखवून विचारले की माणूस लक्ष देऊन फरक शोधतो आणि सौजन्याने ‘हो, दिसतात की’ म्हणतो. त्याऐवजी कागद हातात द्यावा आणि विचारावे, ‘मे महिन्यात टँकरचे पाणी किती लाख लिटर आले?’ उत्तर ७ च्या आसपास आले तर आलेख वाचला गेला. १२ आले तर दोन खंड एक झाले आहेत. ५ आले तर सीमा दिसते आहे, पण कोणता रंग कोणाचा हे ठरवताना लेजंडशी गल्लत होते आहे, आणि मग उपाय रंगांत शोधण्यापेक्षा खंडांशेजारी नावे लिहिण्यात शोधावा.

हाच प्रश्न रंगीत प्रत, झेरॉक्स प्रत आणि फोनवरचे आकुंचित चित्र या तिन्हींवर विचारावा, शक्यतो वेगवेगळ्या महिन्यांसाठी, म्हणजे आधीचे उत्तर आठवून सांगितले जाणार नाही. तिन्हींवर उत्तर बरोबर आले की अंतिम रंगांचे कोड, रेघेची जाडी आणि तपासलेला सर्वांत लहान आकार फाइलच्या शेजारी एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी समिती बदलते, नवे सेक्रेटरी येतात आणि ‘हा हिरवा जरा फिका वाटतो, गडद करा’ असे सांगतात. तेव्हा तो फिका का ठेवला आहे आणि गडद केल्यास प्रोटन अनुकरणातले गुणोत्तर किती खाली जाते, हे त्या फाइलमधून दाखवता येते.